शिफ्ट हँडओव्हर नोट: "कस्टमरला कळवलंय" एवढ्यावर का भागत नाही

प्रश्न: सर, सोलापुरातच एका कंपनीच्या सॉकमध्ये एल वनला लागलोय, नाइट शिफ्ट जास्त असते. सकाळी हँडओव्हर नोट लिहून जातो तरी घरी पोचून डोळा लागला की फोन, "त्या अलर्टचं काय झालं, कोणाला सांगितलंस". ओपन अलर्ट आणि पेंडिंग एस्कलेशन नोटमध्ये नेमकं कसं लिहायचं? एखादं उदाहरण घेऊन सांगा ना.

उत्तर:

फोनवर काय विचारतात ते जरा नीट ऐक, अर्धं उत्तर तिथंच आहे. अलर्ट काय होता हे सहसा कोणी विचारत नाही, ते तिकिटात असतंच की. विचारतात ते हे, की कोणाशी बोललास, तो काय म्हणाला, आणि आता मी काय करू. म्हणजे तुझ्या नोटमध्ये रात्री काय काय झालं ते भरपूर असणार पण सध्या काम कोणाकडं अडकलंय ते नसणार. माझ्याकडं नोट आली की मी प्रत्येक ओपन आयटमला तीनच गोष्टी विचारतो: कोणाच्या उत्तराची वाट बघतोय, किती वाजेपर्यंत बघायची, आणि उत्तर नाहीच आलं तर पुढचा फोन कोणाला. ह्यातलं एक जरी नसलं तरी तुला फोन येणार हे धरून चाल.

उदाहरण मी रचून देतोय, कस्टमर खरा नाही, पण असली रात्र सगळ्याच सॉकमध्ये येते. समज अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल एक्स्पोर्टर आहे. त्यांचा टॅलीचा सर्व्हर आहे, नाव `SRV-TALLY01`, अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून कोणीतरी कधीतरी आरडीपी थेट इंटरनेटवर उघडून ठेवलंय. सर्व्हरवर ईडीआर नाही, फक्त विंडोजचे सिक्युरिटी लॉग आपल्या सीमला येतात. दिवस जानेवारीतले, गड्डा यात्रा चालू, अर्धं गाव होम मैदानावर आणि कस्टमरचा आयटी इन्चार्ज रजेवर.

रात्री ०३:१२ पासून `203.0.113.47` वरून `svc_backup` ह्या अकाउंटवर फेल लॉगिन पडायला लागतात, म्हणजे इव्हेंट 4625, एकूण १८६. मग ०३:३८ ला एक 4624, लॉगिन झालं, लॉगॉन टाइप १०, म्हणजे आरडीपी. बॅकअपच्या सर्व्हिस अकाउंटनं पहाटे कोणी माणूस रिमोट डेस्कटॉपवर येत नसतो, त्यामुळं हे साधं प्रकरण नाही. ०३:४३ ला सीमचा अलर्ट उठतो, तू ०३:५२ ला ऑन-कॉल एल टूला उठवतोस, तो ०४:०० ला म्हणतो खरं आहे, पी वन कर. कस्टमरला ०४:०६ ला मेल. आयटी इन्चार्जला ०४:१० आणि ०४:२५ ला फोन, उचलला नाही. ०४:४० ला दुसरा कॉन्टॅक्ट म्हणजे अकाउंट्स मॅनेजर, त्यानं उचलला आणि म्हणाला "ऑफिस उघडलं की बघतो". मग ०५:१५ ला आयटी इन्चार्जचाच फोन आला, ०५:२४ ला त्यानं मोबाईलवरनं फायरवॉलमध्ये तो आयपी ब्लॉक केला, पण अकाउंट बंद करू नका म्हणाला, साडेसहापर्यंत त्याच अकाउंटवर बॅकअप चालू असतो.

०५:४० झाले, सहाला शिफ्ट संपणार, खाली कॅबवाला हॉर्न मारतोय. अशा वेळी बहुतेक जण जी नोट लिहितात ती ही:

> SRV-TALLY01 वर ब्रूट फोर्स. कस्टमरला कळवलंय, आयपी ब्लॉक झाला. एल टूला माहितीय. मॉनिटर करा.

ह्यात एक अक्षर खोटं नाही आणि तरी वाचणारा फसतो. सकाळचा माणूस "आयपी ब्लॉक झाला" वाचतो, त्याच्या डोक्यात विषय मिटतो, आणि तो चहा घेऊन पुढच्या तिकिटाकडं जातो. "ब्रूट फोर्स" वाचून त्याला वाटतं प्रयत्न झाला असेल, पण इथं तर लॉगिन झालेलं आहे आणि तीच सगळ्यात मोठी गोष्ट नोटमध्ये नाही. "कस्टमरला कळवलंय" म्हणजे मेल टाकला, की फोन केला, की कोणी काही कबूल केलं, काहीच कळत नाही. आणि "मॉनिटर करा" हे तर मी टीममध्ये लिहायलाच बंदी घातलीय, कारण काय बघायचं, कुठल्या लॉगमध्ये, किती वाजेपर्यंत, आणि काय दिसलं तर उठायचं, ह्यातलं काहीच त्यात नसतं.

आता तोच प्रकार जरा खोलात बघू, म्हणजे नोटमध्ये काय यायला पाहिजे ते आपोआप लक्षात येईल.

पहिलं म्हणजे आयपी ब्लॉक. फायरवॉलमध्ये नवा ब्लॉक रूल टाकला म्हणजे आधीपासून चालू असलेलं कनेक्शन तुटलंच असं नसतं, बऱ्याच फायरवॉलमध्ये जुनं सेशन टेबलात तसंच राहतं आणि ते मुद्दाम क्लिअर करावं लागतं. त्यामुळं ०५:२४ ला ब्लॉक झाला तरी ०३:३८ ला आत आलेला माणूस अजून आत असू शकतो. वर आरडीपीची एक खोड आहे, खिडकी नुसती बंद केली तर सेशन डिस्कनेक्ट होतं, लॉगऑफ होत नाही, आणि आत चालू केलेले प्रोग्राम मागं चालतच राहतात. म्हणून लॉगमध्ये तू लॉगऑफचे इव्हेंट बघितलेस का, 4634 किंवा 4647, आणि किती वाजेपर्यंतचे बघितलेस, हे नोटमध्ये पाहिजे. दिसले नाहीत तर तसं लिही, "०५:३५ पर्यंत लॉगऑफ दिसला नाही, सेशन चालू आहे असं धरा". खात्री करायची सोपी वाट म्हणजे कस्टमरच्या माणसाला सर्व्हरवर `quser` चालवायला सांगायचं, कोण लॉगिन आहे आणि ॲक्टिव्ह की डिस्कनेक्टेड ते दिसतं. पण ते त्यानं करायचंय, तू नाही, म्हणजे तेसुद्धा पेंडिंगच.

आणि ब्लॉक एका आयपीचा झालाय, आरडीपीचं पोर्ट जगाला उघडंच आहे. पासवर्ड समोरच्याला माहीत झालाय, अकाउंट चालू आहे, तो दुसऱ्या आयपीवरनं पाच मिनिटात परत येईल. म्हणजे "आयपी ब्लॉक झाला" ह्या एका ओळीच्या पोटात तीन उघड्या गोष्टी आहेत: सेशन, अकाउंट, पोर्ट.

दुसरं, काय बघितलं नाही ते. ह्या सर्व्हरवर प्रोसेस क्रिएशनचं ऑडिट चालू नाही, विंडोजमध्ये ते आपणहून चालू नसतंच, त्यामुळं 4688 येतच नाही. म्हणजे लॉगिन झाल्यावर त्यानं काय काय चालवलं ते आपल्याला दिसणारच नाही. तू जर नोटमध्ये लिहिलंस "लॉगिननंतर संशयास्पद काही आढळलं नाही" तर वाचणाऱ्याला वाटेल तपासलं आणि स्वच्छ निघालं. खरं तर तपासायला काही नव्हतंच. लिहायचं ते असं, "०३:३८ नंतर सर्व्हरवर काय चाललं ते दिसत नाही, 4688 येत नाही, ईडीआर नाही". हे वाक्य लिहायला काही जण लाजतात, आपलंच काम कमी पडलं असं दिसेल म्हणून, पण सकाळच्या एल टूला निर्णय घ्यायला हेच वाक्य सगळ्यात उपयोगी पडतं, तो लगेच मेमरी आणि डिस्कची कॉपी काढायच्या मागं लागेल.

नेहमी होणारी एक गफलत इथंच सांगतो. आरडीपीला एनएलए, म्हणजे डेस्कटॉप उघडायच्या आधीच पासवर्ड तपासणं, चालू असेल तर फेल लॉगिन बहुतेक वेळा लॉगॉन टाइप ३ म्हणून पडतात, १० म्हणून नाही. आता सकाळचा माणूस स्वतः तपासायला बसला आणि त्यानं टाइप १० चा फिल्टर लावला तर त्याला १८६ फेल्युअर दिसणारच नाहीत, फक्त एक यशस्वी लॉगिन दिसेल, आणि तो म्हणेल हा तर कोणीतरी ॲडमिन आला असेल. म्हणून तू कुठली क्वेरी चालवलीस ती जशीच्या तशी तिकिटात टाक आणि नोटमध्ये तिकीट नंबर दे:

```
index=wineventlog host=SRV-TALLY01 user=svc_backup
  (EventCode=4624 OR EventCode=4625)
  earliest="01/14/2026:03:00:00" latest="01/14/2026:05:35:00"
```

ही स्प्लंकची आहे, तुमच्याकडं दुसरं सीम असेल तर त्याची टाक. पण ह्यातली वेळ नीट बघ. स्प्लंक अशी लिहिलेली वेळ तुझ्या प्रोफाइलच्या टाइमझोनमध्ये धरतं. तुझं प्रोफाइल आयएसटीवर असेल आणि सकाळच्याचं यूटीसीवर, तर त्याच्यासाठी ०३:०० यूटीसी म्हणजे आपले साडेआठ. तो सातला बसून क्वेरी चालवणार, त्याला शून्य रिझल्ट येणार, आणि "काही दिसत नाही" म्हणून फॉल्स पॉझिटिव्ह करून बंद करणार. आपला फरक साडेपाच तासांचा, त्यामुळं पहाटेच्या घटनेत तारीखसुद्धा बदलते, १४ तारखेचे ०३:३८ म्हणजे यूटीसीत १३ तारखेचे २२:०८. नोटमध्ये वेळ कुठलीही वापर, पण वरती एकदा लिहून टाक "सगळ्या वेळा आयएसटी" आणि मग मध्येच फायरवॉलच्या स्क्रीनवरची यूटीसी वेळ कॉपी करून टाकू नकोस.

आता एस्कलेशन. इथंच लोक सगळ्यात जास्त ढिलाई करतात, म्हणून जरा वेळ घेतो. एस्कलेशनच्या खरं तर वेगवेगळ्या पायऱ्या असतात आणि आपण सगळ्यांना "कळवलंय" म्हणून मोकळे होतो. मेल टाकला, ही एक. माणसानं ऐकलं, ही दुसरी. त्यानं काहीतरी करायचं कबूल केलं, ही तिसरी. आणि केल्याचं आपण आपल्या डोळ्यानं लॉगमध्ये बघितलं, ही चौथी. आपल्या उदाहरणात अकाउंट्स मॅनेजर दुसऱ्या पायरीवर आहे, त्यानं ऐकलंय, बस. "बघतो" ही मंजुरी नाही, ह्याला नोटमध्ये "कस्टमर अवेअर" असं गोंडस नाव देऊ नकोस, त्याचे शब्द आहेत तसे लिही. आयटी इन्चार्ज आयपी ब्लॉकच्या बाबतीत "केलं म्हणतो" ह्या ठिकाणी आहे, आणि त्या आयपीचं ०५:२४ नंतर काही आलं का ते तू लॉगमध्ये बघितलंस तर चौथी पायरी झाली. अकाउंटच्या बाबतीत तो "साडेसहानंतर सांगतो" वर आहे. एकाच माणसाकडं दोन कामं आणि दोन्ही वेगळ्या पायरीवर, म्हणून नोटमध्ये माणसानुसार लिहू नकोस, कामानुसार लिही.

आणि प्रत्येक पेंडिंगला वेळ टाक. "सकाळी फॉलोअप घ्या" नाही, "०६:३५ ला फोन". का ०६:३५, तर बॅकअप ०६:३० ला संपतो. फोन उचलला नाही तर ०६:५० ला दुसरा कॉन्टॅक्ट, तोही हो म्हणाला नाही तर ०७:०० ला आपला सॉक मॅनेजर त्यांच्या मालकाला फोन करणार, आणि मॅनेजरला हे आत्ताच सांगून ठेवलंय. ही साखळी तू रात्रीच ठरवून जायची, कारण रात्रभर फोन करून करून कोण उचलतो, कोणाचा नंबर यात्रेच्या गर्दीत लागत नाही, हे तुला कळलेलं असतं. कॉन्टॅक्ट मॅट्रिक्सच्या शीटमध्ये गड्ड्याची सुट्टी लिहिलेली नसते बाबा, पुण्याच्या टीमनं ती शीट बनवलेली असेल तर नाहीच.

एक घड्याळ अजून असतं ते एल वनच्या लक्षात राहत नाही. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून, किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून, ६ तासांत सर्ट-इनला कळवाव्या लागतात, आणि आयटी सिस्टिममध्ये विनापरवाना घुसणं हे त्या यादीत आहे. आता ही घटना त्यात बसते का, रिपोर्ट कस्टमरनं करायचा की त्यांच्या वतीनं आपण, हे ठरवायचं काम तुझं नाही. पण घड्याळ शिफ्ट बदलली म्हणून थांबत नाही, आणि ते नोटमध्ये नसेल तर सकाळी कोणाच्याच डोक्यात येत नाही. ६ तास कुठून मोजायचे ह्यावर वाद होऊ शकतो, अलर्ट ०३:४३ ला आला, एल टूनं ०४:०० ला खरं ठरवलं, म्हणून दोन्ही वेळा लिही आणि हिशोब आधीच्या वेळेनं धर, म्हणजे ०९:४३. निर्णय कोणाकडं अडकलाय तेही लिही.

हे सगळं धरून नोट अशी होईल. इथं मराठीत लिहितोय, तुमच्या ऑफिसात इंग्रजीत लिहीत असतील तर इंग्रजीत लिही, वाक्यं एवढीच छोटी ठेव:

> सगळ्या वेळा आयएसटी. नोट ०५:४० ला बंद केली, त्यानंतरचं तिकिटात बघा.
>
> पी वन, ओपन: SRV-TALLY01, टॉवेल एक्स्पोर्टर. बाहेरच्या आयपीवरून svc_backup नं आरडीपी लॉगिन झालंय, ०३:३८ ला. आधी ०३:१२ पासून १८६ फेल. एल टूनं ०४:०० ला खरं ठरवलं. आयपी आणि क्वेरी तिकिटात.
>
> माहीत नाही: लॉगिननंतर काय केलं ते. 4688 येत नाही, ईडीआर नाही. लॉगऑफ ०५:३५ पर्यंत दिसला नाही, सेशन चालू धरा. हे अकाउंट बाकी सर्व्हरवर वापरलं गेलं का ते तपासलेलं नाही.
>
> झालं: आयटी इन्चार्जनं ०५:२४ ला आयपी ब्लॉक केला. त्या आयपीचं ०५:२४ ते ०५:३५ नवीन काही आलं नाही.
>
> पेंडिंग १: जुनं सेशन तोडणं. आयटी इन्चार्जला ०५:३० ला quser चालवून सांगायला सांगितलं, "करतो" म्हणाला. ०६:१० पर्यंत उत्तर नाही आलं तर फोन करा.
>
> पेंडिंग २: svc_backup बंद करणं. निर्णय आयटी इन्चार्जचा, बॅकअप ०६:३० ला संपल्यावर. ०६:३५ ला फोन, ०६:५० ला अकाउंट्स मॅनेजर, ०७:०० ला सॉक मॅनेजर थेट मालकाला. मॅनेजरला कल्पना दिलीय.
>
> पेंडिंग ३: आरडीपी इंटरनेटवरून बंद करणं. आयटी इन्चार्जला सांगितलं, होकार नाही. पेंडिंग २ च्या फोनवरच विचारा.
>
> पेंडिंग ४: सर्ट-इन रिपोर्ट करायचा का. अलर्ट ०३:४३, कन्फर्म ०४:००, मुदत ०९:४३ धरा. निर्णय सॉक मॅनेजरकडं, ०४:१५ पासून माहीत आहे. ०८:०० ला विचारा.
>
> करू नका: सर्व्हर रीस्टार्ट करायला सांगू नका, मेमरीतला पुरावा जाईल. परवानगीशिवाय अकाउंट बंद करू नका.
>
> लगेच उठवा जर: svc_backup चं कुठल्याही नव्या आयपीवरून 4624, किंवा कुठल्याही सर्व्हरवर नवीन यूजर बनला, 4720.

वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात. पी वनला एवढं लिहायचं, प्रत्येक फुटकळ अलर्टला नाही, नाहीतर नोट पाच पानांची होते आणि पी वन तिसऱ्या पानावर सापडतो. बाकीच्या पी थ्री, पी फोरला एकेक ओळ पुरे, तिकीट नंबर, काय बाकी, कोणाकडं, कधी. "करू नका" हा भाग मात्र मोठ्या घटनेत गाळू नकोस, सकाळी ताज्या दमाचा माणूस येतो, त्याला काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि तो पहिला सल्ला देतो तो सर्व्हर रीस्टार्ट करायचा.

"बाकी सर्व्हरवर तपासलेलं नाही" ही ओळ बघितलीस ना. पहाटे फोन करण्यात वेळ गेला, तपासायचं राहिलं, ठीक आहे, राहतं. लिहिलंस तर सकाळचा तिथून सुरू करेल. नाही लिहिलंस तर तो धरून चालेल की तू केलंच असणार, आणि दुपारचा माणूस धरून चालेल की सकाळच्यानं केलं असणार, आणि ते काम कोणीच करत नाही.

अलर्ट नसलेल्या दोन गोष्टी पण ओपन आयटममध्येच धर. एक, लॉग यायचे थांबलेले असतील तर. समज एका हॉस्पिटलच्या फायरवॉलचे लॉग ०१:२० पासून येतच नाहीत, म्हणून त्यांच्याकडनं रात्रभर एक अलर्ट नाही, आणि नोटमध्ये लिहिलं "हॉस्पिटल: शांत". ती शांतता नाही, आपले डोळे झाकलेत. लिहायचं ते "०१:२० पासून लॉग बंद, कनेक्टर रीस्टार्ट करून बघितला, फरक नाही, प्लॅटफॉर्म टीमकडं तिकीट, ०८:०० ला विचारा". दुसरं, रात्री कोणासाठी अलर्ट दाबून ठेवला असशील तर. व्हल्नरेबिलिटी स्कॅन चालू होता म्हणून स्कॅनरच्या आयपीचा रूल म्यूट केला, स्कॅन ०४:०० ला संपला, म्यूट तसाच राहिला. असे म्यूट महिनोन् महिने पडून राहतात आणि मग त्याच आयपीवरून खरं काही झालं तरी कोणाला कळत नाही. कोणी म्यूट केलं, का, आणि किती वाजता काढायचं, एवढं लिही, जमलं तर टूलमध्येच एक्स्पायरी टाक.

नोट लिहून झाली तरी हँडओव्हर झाला नाही, पी वन असेल तर बोलूनच द्यायचा. त्यात तू नोट वाचून दाखवायची नाही. उलट, समोरच्यानं आधी वाचायची आणि मग त्यानं तुला सांगायचं, "म्हणजे मी सहा दहाला सेशनसाठी फोन लावणार, सहा पस्तीसला अकाउंटसाठी, तोपर्यंत अकाउंटला हात लावायचा नाही, बरोबर?" तो असं म्हणाला की समज पोचलं. तो नुसता "हां हां बघतो, तू निघ" म्हणाला तर तो अकाउंट्स मॅनेजर झाला, दुसऱ्या पायरीवरचा. तेव्हा कॅबवाल्याला दोन मिनिटं थांबव आणि सकाळच्या माणसाला विचार, पहिला फोन कधी आणि कोणाला करणार. सीनियर असला तरी विचार, रागवत नाही कोणी, आणि रागावला तर मला सांग.

आता तुझ्या झोपेचा मुद्दा, कारण फोन येण्याची दोन कारणं नोटमध्ये नसतात, टूलमध्ये असतात. तिकिटाचा ओनर बदलून दे. नोटमध्ये "सकाळची शिफ्ट बघेल" लिहिलंस पण तिकीट तुझ्याच नावावर असेल तर एसएलएचे सगळे रिमाइंडर तुझ्याच मोबाईलवर येणार आणि सकाळच्याला काहीच नाही. आणि कस्टमरला मेल स्वतःच्या आयडीवरनं पाठवू नकोस, सॉकच्या कॉमन मेलबॉक्सवरनं पाठव. नाहीतर काय होतं, आयटी इन्चार्ज ०६:२० ला रिप्लाय करतो "quser मध्ये एक सेशन ॲक्टिव्ह दिसतंय, तोडू का?" आणि तो रिप्लाय तुझ्या इनबॉक्समध्ये येऊन पडतो आणि तू तर जुळे सोलापूरला घरी पडदे लावून झोपलेला. सकाळचा म्हणतो कस्टमरचं उत्तर नाही, कस्टमर म्हणतो मी तर कधीच विचारलंय, आणि दोघंही खरं बोलतात.

एक पथ्य पाळ, आदल्या दिवशीची नोट कॉपी करून त्यावर बदल करायची सवय लावून घेऊ नकोस. वेळ वाचतो खरा, पण जुन्या ओळी तशाच पुढं सरकतात, "कस्टमरच्या उत्तराची वाट" असं चार-चार दिवस लिहिलेलं असतं आणि विचारलं की कोणाच्या, कधी विचारलं होतं, तर कोणालाच माहीत नसतं. प्रत्येक ओपन ओळीला "पहिल्यांदा कधी आली" आणि "शेवटचं कधी विचारलं" अशा दोन तारखा ठेव. आमच्याकडं नियम आहे, एखादी ओळ सलग तीन शिफ्ट जशीच्या तशी पुढं गेली की ती शिफ्ट लीडकडं जाते, मग तो तरी कस्टमरच्या वरच्या माणसाला गाठतो, नाहीतर कारण लिहून तिकीट बंद करतो. तुमच्याकडं असा नियम नसेल तर लीडशी बोलून बघ, आणि पासवर्ड, ओटीपी, किंवा क्लिक होईल अशी वाईट लिंक नोटमध्ये कधी टाकू नकोस, नोट किती जणांना फॉरवर्ड होते ते तुला माहीत नसतं, आयपीसुद्धा मेलमध्ये `203[.]0[.]113[.]47` असा तोडून लिही.